दांडियाच्या घागऱ्यांची कंबर: नेफा, नाडी आणि इलॅस्टिकच्या कामाच्या नोंदी

१९ ऑगस्ट

विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या दांडियाचं काम आलं आहे. मुलींचे घागरे आणि मुलांच्या विजारी, सगळं नवरात्राच्या आधी द्यायचं. दांडिया बसवणाऱ्या ताईंची अट एकच: "गिरकी घेताना एकीचाही हात कंबरेकडे जायला नको." गेल्या वर्षी भाड्याने आणलेले घागरे मुली नाचता नाचता वर ओढत होत्या म्हणे.

घागरा जड असतो आणि इलॅस्टिक भार उचलत नाही, ते फक्त आत आवळतं. भार पेलला जातो तो कंबरेखालच्या उतारावर, म्हणजे सीट जिथे रुंदावायला लागते तिथे. पट्टा त्या उतारावर घट्ट बसला तर घागरा टिकतो. पट्टा गुंडाळला, मागून खाली आला किंवा चुण्या एका बाजूला गोळा झाल्या, तर समजायचं की भार नीट वाटला गेलेला नाही. म्हणून या नोंदींत घेर, लेस, रंग यांच्याबद्दल फार काही नसेल. सगळं लक्ष वरच्या दीड इंचावर आहे.

नमुन्यासाठी एका मुलीचं माप घेतलं: कंबर २८, सीट ३६, घागऱ्याची उंची ३८ इंच. पुढचा सगळा हिशोब याच मापाचा आहे.

२१ ऑगस्ट

कापडपेठेतून इचलकरंजीचं सुती कापड आणलं. पन्हा ४४ इंच, भाव मीटरला १२०. अस्तराचं कापड ३६ इंच पन्ह्याचं, भाव ६०. दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केल्यावरच बेतायला घेतलं. घागऱ्याच्या बाबतीत हे टाळून चालत नाही, कारण पट्ट्याचं कापड धुतल्यावर आखडलं तर आतला नेफा अरुंद होतो आणि इलॅस्टिक त्यात अडकून बसतं. मग बाहेरून पट्टा सुरकुतलेला दिसतो आणि दोष इलॅस्टिकला दिला जातो.

ताईंनी दाखवलेल्या फोटोतला घागरा सरळ पन्ह्यांचा होता, म्हणून पहिला नमुना तसाच केला. तीन पन्हे जोडून १३२ इंच घेर, वरची कड दुमडून नेफा आणि त्यात एक इंची इलॅस्टिक २६ इंच. परकराला करतात तसंच, फक्त नाडीच्या जागी इलॅस्टिक.

शिवून झाल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. अस्तर आणि काठाच्या लेससकट ८२० ग्रॅम भरला.

२२ ऑगस्ट

नमुना मुलीला घालून पाहिला. तीन गोष्टी लगेच दिसल्या.

इलॅस्टिक २६ इंचाचं असूनही घागऱ्याची कंबर सैल सोडल्यावर ३१ इंचांच्या खाली येईना. १३२ इंच कापड २६ इंचांत मावायचं म्हणजे पाचपट चुण्या, त्यात अस्तराचा थर. एवढा ऐवज नेफ्यात दाटला की इलॅस्टिकला आखडायला जागाच उरत नाही. त्याची ताकद कमी नव्हती, त्याची वाट अडली होती. इथे बरेच जण इलॅस्टिक आणखी दोन इंच कापतात. त्याने कंबर तेवढीच राहते, फक्त अंगाला जास्त टोचते.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा पुढच्या बाजूने बाहेर गुंडाळत होता. एक इंची इलॅस्टिक विणीचं होतं, ताणलं की अरुंद होणारं. नेफा मात्र सव्वा इंचाचा. मोकळ्या जागेत अरुंद झालेलं इलॅस्टिक पहिल्या वाकण्यातच उलटतं.

तिसरी गोष्ट गिरकीत दिसली. मुलगी थांबली तरी घागऱ्याचा घेर पुढे फिरत राहिला आणि त्याच्याबरोबर कंबरेचा पट्टाही फिरला. समोरची शिवण डाव्या कुशीवर गेली. ती म्हणाली, "मावशी, हा घालून नाचायचं की धरून नाचायचं?"

हा नमुना उसवला. कापड, लेस आणि अस्तर परत वापरता येईल, शिलाईचा वेळ गेला.

२५ ऑगस्ट

आज फक्त कापडाचा हिशोब केला, मशीनला हात लावला नाही.

खाली घेर हवा पण वर कापड नको, यावर जुना उपाय कळ्यांचा आहे. एका पन्ह्यातून दोन कळ्या निघतात. पन्हा ४४ इंच. वरच्या कडेवर डावीकडून १४ इंचांवर खूण केली, खालच्या कडेवर डावीकडून ३० इंचांवर. दोन्ही खुणा तिरक्या रेषेने जोडून कापलं. एक तुकडा वर १४, खाली ३०. दुसरा तुकडा उलटा केला की तोही वर १४, खाली ३०. दोन पन्ह्यांतून अशा चार कळ्या मिळाल्या. वरची बेरीज ५६, खालची १२०. चार जोडांच्या शिवणीत प्रत्येकी एक इंच गेला की वर ५२ आणि खाली ११६ उरतात.

म्हणजे घेरात फक्त १६ इंच कमी झाले आणि कंबरेवरचं कापड १३२ वरून ५२ वर आलं. तीन पन्ह्यांऐवजी दोन लागले. कापड ३.१ मीटरवरून २.१ मीटरवर आलं, एका घागऱ्यामागे १२० रुपये वाचले. अस्तराच्या कळ्या ३६ पन्ह्यातून वर १३, खाली २३ अशा काढल्या. जोडल्यावर वर ४८ आणि खाली ८८ उरतात. मोठं पाऊल टाकायला ८८ पुरतात.

दुसरी कळी उलटी होते हे लक्षात ठेवायचं. छापील नक्षीला वर-खाली असेल तर निम्म्या कळ्यांवरची फुलं उलटी दिसतील. आमचं कापड साधं रंगीत आहे, त्यामुळे चाललं.

२६ ऑगस्ट

कळ्या जोडताना एक गोष्ट बघायची असते. प्रत्येक कळीची एक बाजू सरळ धाग्याची असते, कापडाच्या किनारीची, आणि दुसरी तिरकी, कातरीने कापलेली. तिरकी बाजू हाताने ओढली तर लांबते. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या तर तो जोड काही दिवसांत खाली लोंबतो. म्हणून प्रत्येक वेळी सरळ बाजूला शेजारच्या कळीची तिरकी बाजू जोडली. सरळ बाजू वर ठेवली, तिरकी खाली मशीनच्या दात्यांकडे, आणि टीप मारताना ओढलं नाही. एखादी कळी चुकून फिरली तर तिथला जोड बाकीच्यांपेक्षा वेगळा पडतो आणि घागरा चालताना एका बाजूला झुकल्यासारखा वाटतो.

तिरकी बाजू सरळ बाजूपेक्षा लांब असते, आमच्या मापात जवळजवळ तीन इंच. वरची टोकं जुळवून शिवायला सुरुवात केली की ते जास्तीचं टोक खाली बाहेर येतं. ते आज कापायचं नाही. घागरा वरून चिमटे लावून दोरीवर रात्रभर टांगला. तिरका भाग स्वतःच्या वजनाने जेवढा उतरायचा तेवढा उतरू दिला. उद्या कंबरेपासून खाली माप घेऊन खडूने गोल आखायचं आणि मग कापायचं.

२८ ऑगस्ट

आता पट्टा. नेफा घागऱ्याच्या कापडाचाच न दुमडता वेगळा पट्टा लावायचा ठरवलं, कारण वेगळ्या पट्ट्यात चुण्या पट्ट्याच्या खाली थांबतात आणि इलॅस्टिकची वाट मोकळी राहते.

पट्ट्याची लांबी सीटवरून ठरते, कंबरेवरून नाही. घागरा सीटवरून वर चढला पाहिजे. सीट ३६, वर दोन इंच सैल, म्हणजे तयार पट्टा ३८. शिवणीचा एक इंच धरून ३९ कापला. जोड मागच्या मध्यावर.

रुंदीचा हिशोब इलॅस्टिकवरून. दीड इंची इलॅस्टिक घेतलं, तर आतला बोगदा दीड इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून जास्त नाही. एक सुताची मोकळीक इलॅस्टिक सरकायला पुरते आणि उलटायला पुरत नाही. दुमडीचे दोन थर आणि दोन्ही बाजूंची अर्धा-अर्धा इंच शिवण धरून पट्टा सव्वाचार इंच रुंद कापला.

आता या ३८ इंचांची वाटणी. पुढचा भाग सपाट हवा, कारण पोटावर सपाट आणि ताठ पट्टा बसला की सगळी कंबर सावरलेली दिसते. मुलीची कंबर २८, म्हणून पुढचा पट्टा कुशीपासून कुशीपर्यंत १४. मागे उरले २४. अंगावर मागचे २४ आखडून १४ होतात, ते काम इलॅस्टिकचं.

घागऱ्याची वरची कड ५२ आहे. अर्धी म्हणजे २६ पुढे आणि २६ मागे. पुढे २६ इंच कापड धाग्याने चुणून १४ इंचांत बसवायचं. मागे २६ इंच कापड २४ इंच पट्ट्यावर जवळपास सपाटच बसतं, नंतर इलॅस्टिक त्याच्या चुण्या करतं. अंगात घातल्यावर दोन्हीकडे २६ चे १४ होतात, त्यामुळे चुण्यांची दाटी पुढेमागे सारखी दिसते. पुढे धाग्याच्या चुण्या आणि मागे इलॅस्टिकच्या चुण्या असूनही बघणाऱ्याला फरक कळत नाही. कपड्याची कंबर पुढे पोकळ आणि मागे गच्च दिसते ती ही वाटणी न केल्यामुळे. सरसकट सगळीकडे सारखं चुणून पट्ट्याला लावलं, तर इलॅस्टिक मागच्या चुण्यांवर पुन्हा चुण्या घालतं. अस्तराचे ४८ सुद्धा असेच वाटले: मागे २४ ला २४ सपाट, पुढे २४ चे १४.

चुण्यांसाठी टीप सर्वांत लांब केली, वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला आणि कडेपासून पाव इंच आणि अर्धा इंच अशा दोन समांतर टिपा मारल्या. एका टिपेवर चुण्या वेड्यावाकड्या पडतात, दोन टिपांवर उभ्या राहतात. कुशीपासून कुशीपर्यंत वेगळ्या टिपा मारल्या, सलग नाही, म्हणजे मध्येच दोरा तुटला तर सगळं नव्याने करावं लागत नाही. बॉबिनचा दोरा ओढून चुण्या सरकवल्या, मध्य आणि मध्यापासून कुशीच्या अर्ध्यावर खुणा जुळवून टाचण्या लावल्या. पट्टा शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवून टीप मारली. चुण्या खाली गेल्या की मशीनचे दाते त्यांना ढकलतात आणि एका जागी गठ्ठा होतो.

पुढच्या पट्ट्याच्या बाहेरच्या थराला आतून चिकटणारं बुकरम लावलं, फक्त १४ इंचांना. मागच्या भागाला लावलं नाही. मागे बुकरम लावलं तर चुण्या मऊ पडत नाहीत, त्यांना मोडलेल्या घड्या पडतात.

गौरी-गणपतीचं काम हातात आहे. पुढची नोंद आठवडाभराने.

७ सप्टेंबर

इलॅस्टिकची निवड. हरभट रोडवरच्या दुकानातून दीड इंची इलॅस्टिकचे तीन प्रकार अर्धा-अर्धा मीटर आणले. दुकानात बोटांनी ताणून काही कळत नाही, म्हणून घरी परीक्षा केली. प्रत्येकाचा १० इंचांचा तुकडा कापून लाकडी फळीवर १६ इंचांपर्यंत ताणून खिळ्यांना अडकवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी सोडून थोड्या वेळाने मोजला.

वेणीच्या विणीचा तुकडा ताणलेला असताना सव्वा इंच रुंद झाला होता आणि सोडल्यावर ११ भरला. तो बाद. मऊ, अंगाला गोड लागणारा तुकडा साडेदहा भरला. घरच्या पायजम्याला तो चालेल, जड घागऱ्याला नाही. तिसरा आडव्या-उभ्या धाग्यांचा, कडक कडांचा, ताणला तरी रुंदी न बदलणारा, १० इंच आणि एक सूत भरला. भाव मीटरला ३०, बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट. पण एका घागऱ्याला जेमतेम पाव मीटर लागतं, म्हणजे फरक तीन-चार रुपयांचा. सगळ्यांसाठी हेच घेतलं.

८ सप्टेंबर

आधी साधी रीत करून पाहिली: मागे १२ इंच इलॅस्टिक, दोन्ही टोकं कुशीत उभ्या टिपेने पक्की. सपाट पुढचा भाग छान दिसला, पट्टा उलटला नाही. घालताना मात्र अडचण झाली. पुढचे १४ इंच ताणत नाहीत, तेव्हा ३६ च्या सीटवरून जायला मागच्या १२ इंचांना २२ पर्यंत ताणावं लागतं. कडक इलॅस्टिक एवढं जाता जाईना. इलॅस्टिक मऊ घेतलं तर भार पेलत नाही, लांब घेतलं तर कंबर सैल.

म्हणून नाडी. पण अख्ख्या कंबरेभोवती नाडी ओवली तर ती आवळताना पुढचा ताठ पट्टा सुरकुततो. त्याऐवजी मागे इलॅस्टिक आणि त्याच्या दोन्ही टोकांना सुती नाडी जोडली. नाडी पुढच्या पट्ट्याच्या आतून येते आणि मध्याजवळच्या दोन काजांतून बाहेर पडते. नाडी सोडली की इलॅस्टिकची टोकं मागे सरकतात, पट्टा पूर्ण ३८ इंच उघडतो आणि घागरा सीटवरून सहज चढतो. नाडी ओढून बांधली की भार न ताणणाऱ्या नाडीवर येतो आणि इलॅस्टिकला फक्त श्वास आणि बसण्या-उठण्यापुरतं लवचीक राहायचं असतं. त्यामुळे १० इंच इलॅस्टिकही पुरलं. बांधल्यावर ते ताणून कुशीपर्यंत, म्हणजे १४ पर्यंत येतं.

प्रत्येक बाजूची नाडी २० इंच: पुढच्या पट्ट्यातले ७, जोडाचा १ आणि बाहेर १२. पट्टा पूर्ण उघडताना दोन्हीकडून साधारण सात-सात इंच नाडी आत जाते. तरी बाहेर पाच उरतात, त्यामुळे टोकं नेफ्यात हरवत नाहीत. शिवाय टोकांना काजातून न जाणारी गाठ मारली.

९ सप्टेंबर

नाडी आणि इलॅस्टिकच्या जोडावर आज सगळी सकाळ गेली, पण ती जागा तेवढी महत्त्वाची आहे.

अर्धा इंची नाडी दीड इंची इलॅस्टिकच्या मधोमध शिवली, तर ओढ मध्यावर येते आणि इलॅस्टिकचे दोन्ही कोपरे आतल्या आत मुडपतात. बाहेरून कुशीजवळ पट्ट्याला गाठीसारखा फुगवटा दिसतो. बोटाने चाचपलं की कोपरा लागतो.

उपाय असा केला. घागऱ्याच्या कापडाचा दुहेरी त्रिकोणी तुकडा घेतला, जिभेसारखा. रुंद बाजू दीड इंच, निमुळतं टोक अर्धा इंच, लांबी दोन इंच. रुंद बाजूच्या दोन थरांमध्ये इलॅस्टिकचं टोक अर्धा इंच आत घालून चौकोनी टीप आणि त्यात फुलीची टीप मारली. निमुळत्या टोकात नाडी तशीच. आता ओढ सगळ्या रुंदीवर वाटली जाते आणि कोपरे सरळ राहतात. पट्ट्यात ओवल्यावर इलॅस्टिकचा मध्य मागच्या जोडावर उभ्या टिपेने पक्का केला. ही टीप नसेल तर कुणीतरी एकाच बाजूची नाडी ओढेल आणि सगळं इलॅस्टिक एका कुशीत जाऊन बसेल.

काजं पट्टा दुमडायच्या आधी, फक्त बाहेरच्या थराला करून घेतली. मध्यापासून दोन्हीकडे पाऊण इंचांवर, उभी, प्रत्येकी पाऊण इंच लांब. मागे बुकरम होतंच, तरी काजाखाली आणखी एक छोटा तुकडा चिकटवला. काजं करणाऱ्या काकूंनी सांगितलं की नाडीचं काज नेहमी कुशीकडच्या कडेला फाटतं, म्हणून त्या कडेला हाताने दोन-तीन टाके जास्तीचे घातले.

१० सप्टेंबर

मुलीला घातला. पट्टा जागेवर, पुढे सपाट, मागे चुण्या उभ्या. बाजूने पाहिलं तर चुण्यांच्या घड्या पट्ट्यातून निघून सरळ खाली पडत होत्या. मी हेच बघते. घड्या पट्ट्याखाली आधी मागे किंवा बाजूला ओढल्यासारख्या जात असतील, तर भार त्या बाजूला जास्त आहे किंवा चुण्यांची वाटणी चुकली आहे. पट्ट्याची वरची कड मागे पाठीपासून सुटत असेल, तर मागचं इलॅस्टिक कमी पडतंय.

एक दोष राहिलाच होता. गिरकीत पट्टा अजून थोडा फिरत होता, कारण दिसायला चांगला म्हणून पट्ट्याचा आतला थर साटीनचा लावला होता. तो उसवून सुती लावला. सुती कापड आतल्या लेगिंग्जवर धरून राहतं, साटीन घसरतं. त्यानंतर पट्टा जागचा हलला नाही.

वजन भरलं ५९० ग्रॅम. पहिल्या नमुन्यापेक्षा २३० ग्रॅम कमी, आणि ते सगळं कंबरेवरून कमी झालेलं.

मुलीच्या आजी बरोबर होत्या. त्यांच्या कंबरेवर परकराच्या नाडीचा काळा वण आहे, वर्षानुवर्षं एकाच रेषेवर आवळल्याचा. नातीला नाडी नको असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना पट्टा आतून दाखवला: नाडी अंगाला लागत नाही, ताण दीड इंच रुंद पट्ट्यावर पसरतो, आणि बांधल्यावर पट्ट्यात दोन बोटं जातील एवढंच आवळायचं. त्या तयार झाल्या.

१३ सप्टेंबर

सगळे घागरे याच रीतीने बेतले. माप बदललं की बदलतं ते एवढंच: पट्टा म्हणजे सीट अधिक दोन, पुढचा सपाट भाग म्हणजे निम्मी कंबर, उरलेला मागे, आणि इलॅस्टिक म्हणजे निम्म्या कंबरेतून चार इंच कमी. एका मुलीची कंबर ३४ आणि सीट ३७ आहे, म्हणजे फरक फक्त तीन. तिच्या मापात पट्टा ३९, पुढे १७, मागे २२. मागच्या चुण्या कमी पडतात, आणि कंबर-सीटचा उतारच कमी असल्यामुळे पट्ट्याला टेकायला जागा नाही. तिच्या घागऱ्याचा काठ हलक्या लेसचा केला, अस्तर मलमलचं घेतलं आणि पट्टा पावणेदोन इंचांचा केला. वजन ५०० ग्रॅमच्या आत आलं आणि टिकलं.

खर्च प्रत्येकी: कापड २५०, अस्तर ११५, लेस ७५, इलॅस्टिक, नाडी, बुकरम, दोरा मिळून ४०. म्हणजे ४८० रुपये, शिलाई वेगळी.

१५ सप्टेंबर

विजारी. इथे भार कापडाचा नाही, खिशातल्या फोनचा आणि बसण्या-उकिडवण्याचा आहे.

पहिली विजार पुढेमागे सारख्या उंचीची बेतली होती. मुलगा उकिडवा बसला की मागचा पट्टा खाली ओढला जाई. इलॅस्टिक घट्ट करून हे जात नाही, कारण कापडच आसनात कमी आहे. मागच्या आसनाची उंची मध्यावर दीड इंच वाढवली आणि कुशीपर्यंत उतरती केली. पट्टा जागेवर राहिला.

इलॅस्टिक बोगद्यात मोकळं न ठेवता ताणून थेट टिपा मारल्या, तीन समांतर ओळी, म्हणजे उलटायचा प्रश्न नाही. पण प्रत्येक टीप इलॅस्टिकला थोडं लांबवते. २५ इंचांचं कापलेलं तिन्ही ओळींनंतर पावणेसत्तावीस भरलं. पुढच्या विजारींना टीप लांब ठेवली, नवी सुई घातली आणि इलॅस्टिक दोन इंच कमी कापलं. चार समान भागांवर खुणा करून त्या कापडाच्या चार खुणांना टाचल्या, म्हणजे चुण्या मागे गोळा होत नाहीत. नाडी वेगळ्या अरुंद नेफ्यातून, मागच्या मध्यावर टाके घालून पक्की, म्हणजे धुताना निघून येत नाही.

फोनचा खिसा कुशीच्या शिवणीतून काढून त्याची वरची कड पट्ट्यात धरली. खिसा नुसता कुशीला लटकत असेल तर फोनच्या वजनाने पट्टा त्या बाजूला उतरतो.

१९ सप्टेंबर

सगळे कपडे दिले. रंगीत तालमीत एकदाही पट्ट्याकडे हात गेलेला दिसला नाही. एका मुलीच्या नाडीचं टोक पायात येत होतं, ते तिथेच कापून गाठ मारून दिली.

प्रत्येकीला सांगितलं: पट्ट्यावर गरम इस्त्री फिरवायची नाही, इलॅस्टिकचा जीव जातो. चुण्यांपर्यंत इस्त्री करायची, पट्टा हाताने सरळ करायचा. वाळत घालताना पट्ट्याने न टांगता अर्ध्यावर घडी घालून दोरीवर टाकायचा, नाहीतर ओल्या घागऱ्याचं दुप्पट वजन रात्रभर इलॅस्टिकवर राहतं.

६ ऑक्टोबर

दोन घागरे दुरुस्तीला आले. एकाचं काज कुशीकडेच फाटलं होतं, काकूंनी सांगितलं होतं तसंच. फाटलेल्या जागी मागून ट्विलची पट्टी लावून काज हाताने पुन्हा भरलं. दुसऱ्याच्या मागच्या मध्याची टीप उसवून इलॅस्टिक उजवीकडे सरकलं होतं. तिथे आता एका टिपेऐवजी पाव इंच अंतराने दोन उभ्या टिपा मारते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला मागच्या जोडाजवळ दोन इंचांची जागा हाताच्या टाक्यांनी बंद केलेली आहे, मशीनने नाही. इलॅस्टिक बदलायची वेळ आली की तेवढीच उसवायची, घागऱ्याच्या चुण्यांना हात लागत नाही.